मीनलचा उपास

ओजस आणि रेवा,

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबालाही नाही. जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. लिहायला बसले की पहिली दोन वाक्यं नीट जमतात आणि मग मी उठून काहीतरी आवरायला घेते. आज उठायचं नाही असं ठरवलं आहे.

रेवा, मागच्या उन्हाळ्यात तू इथे आली होतीस, तेव्हा आपण सगळे शेजारच्या मुंजीला गेलो होतो. आत्या कोपऱ्यात बसून स्वतःच्या डब्यातली ज्वारीची भाकरी खात होती. तू मला विचारलंस, आत्या लोकांकडे कधीच का जेवत नाही? आणि मी म्हणाले, तिला सवय आहे. आजार आहे हे तुला माहीत होतं. तुझा प्रश्न तो नव्हता. यजमानांनी तिच्यासाठी वेगळा भात लावला होता, साधं वरण काढून ठेवलं होतं, आचाऱ्याने स्वतः येऊन सांगितलं होतं — तरी ती का जेवली नाही, हे तू विचारत होतीस. बरोबर विचारत होतीस. मी पुन्हा एकदा खोटं बोलले.

‘पुन्हा एकदा’ — हे दोन शब्द लिहायला मला किती वर्षं लागली, पाहा.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. आत्याचं — मीनलचं — तेव्हा लग्न झालं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी तिचा आजार सापडला होता. दोन वर्षं पोट, थकवा, गळणारे केस, आणि मुंबईपर्यंतचे सगळे डॉक्टर. शेवटी दुर्बिणीने तपासून एकाने सांगितलं, सेलिअॅक. गव्हात जो चिकटपणा असतो, तो तिच्या आतड्याला चालत नाही. पोळी गेली, पाव गेला, रवा, मैदा, शेवया, सगळं गेलं. बाजारच्या डबीतला हिंगसुद्धा गेला, कारण त्यात मैदा मिसळलेला असतो — हे मला साठाव्या वर्षी कळलं! पुऱ्या तळलेल्या तेलात बटाटा तळला तरी तो तिला चालत नाही. कणभराने काय होतंय, असं आपल्याकडे प्रत्येक जण म्हणतो. मला त्या वाक्याचा इतका वैताग आहे, की ते ऐकलं की माझं डोकं दुखतं. कणभरानेच होतं.

मी शिस्तीची बाई. स्वयंपाकघरात दोन रंगांची भांडी केली, तिची चाळणी वेगळी, पोळपाट वेगळा. आठ महिन्यांत तिच्या अंगावर पुन्हा मांस दिसायला लागलं.

आणि त्याच आठ महिन्यांत दोन स्थळं परत गेली. दोन्ही ठिकाणी सगळं जुळलं होतं. दोन्ही ठिकाणी मी प्रामाणिकपणे आजाराचं सांगितलं, आणि दोन्ही ठिकाणांहून फोन येणं बंद झालं. एका बाईंनी निदान कारण तरी दिलं: ‘‘आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ पोळ्याच लागतात हो.’’ जणू मीनल आयुष्यभर त्यांच्या पोळ्या लाटायलाच जाणार होती. चिडले मी. पण त्या बाईंवर चिडायचं सोडून मी वेगळंच ठरवलं. मी ठरवलं की यापुढे कुणालाही काही सांगायचं नाही.

त्याच सुमारास प्राचीचं लग्न ठरलं. प्राची म्हणजे मीनलची कॉलेजपासूनची जिवाभावाची मैत्रीण, कोन गावची; आजाराचं मात्र मीनल तिच्याशीही कधी बोलली नव्हती. शेतीवाडीचं मोठं आगरी कुटुंब, जमिनी रस्त्याला गेल्यानंतर आता ट्रकचा धंदा. प्राचीची आई वनिताताई मला मॅडम म्हणायची, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. पत्रिका द्यायला ती स्वतः घरी आली, सोफ्याच्या कडेवर बसली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, हलदीला नाय आलात तरी चालंल, तिथं आमचं मटणाचं असतं. पण लग्नाला सगल्यांनी जेवूनच जायचं. त्या दिवशी सगलं शाकाहारी हाय.’’

आता हे काम कसं करायचं असतं, ते मला पक्कं माहीत होतं. आजही माहीत आहे, म्हणून तर जास्त संताप येतो. पत्रिका हातात पडली की आठ-दहा दिवस आधी फोन करायचा, आचाऱ्याची यादी पक्की होण्याआधी. ज्या माणसाच्या हातात यादी आहे, त्याच्याशीच बोलायचं. आधी काय चालतं ते सांगायचं — भात चालतो, तुपाची जिऱ्याची फोडणी चालते, दही-काकडी चालते — म्हणजे यजमान घाबरत नाही. मग काय चालत नाही ते. आणि मग सर्वांत महत्त्वाचं: हे व्रत आहे, आवड आहे की आजार आहे, ते स्पष्ट सांगायचं. तिन्हींना मिळणारी वागणूक वेगळी असते. आवडीच्या माणसाला आग्रह होतो. व्रताच्या माणसाला मान मिळतो. आजाराच्या माणसाला — नेमकं काय ते समजलं तर — एकटं सोडतात, आणि मीनलला तेच हवं होतं. शेवटी म्हणायचं, तरी आम्ही डबा आणू, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. एवढंच. पाच मिनिटांचा फोन.

मी कॅलेंडर पाहिलं. लग्न गोरज मुहूर्तावर होतं आणि त्या दिवशी संकष्टी होती.

माझ्या डोक्यात काय चमकलं ते सांगते, कारण तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. उपासाच्या ताटात गहू नसतोच! साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू — सगळं मीनलला चालणारं. हिंगही नाही, मोहरीही नाही. शिवाय उपासाचं कुणी पुऱ्यांच्या तेलात तळत नाही, वेगळ्या तुपात, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावाने करतात. आजाराचा ‘आ’ न उच्चारता मला सगळी काळजी फुकटात मिळत होती. यात चूक कुठे आहे, सांगा बरं?

मी फोन केला. मीनलची संकष्टी असते, म्हणाले.

वनिताताईने ज्या बारकाईने विचारलं, तसं मला आजवर कुठल्याही यजमानाने विचारलेलं नाही. ‘‘कोथमीर चालते का? आलं? आमच्याकडं जिरं चालतं, कुणाकडं नाय चालत. मीठ साधं का सैंधव? आताच सांगा मॅडम, मंग पोर उपाशी बसायची.’’ मी एकेक उत्तर दिलं. कोथिंबीर चालते. आलं चालतं. मीठ साधं. मी आयुष्यात मीनलला संकष्टी करताना पाहिलेलं नव्हतं.

मीनलला मी सांगितलं की आजाराचं सगळं नीट सांगून ठेवलंय. आणि वर उपासाचंही सांगितलंय, म्हणजे भांडी वेगळी ठेवतील. ती हसली. ‘‘आई, तू म्हणजे ना, डबल लॉक लावतेस.’’

लॉक एकच होतं. तेही चुकीचं.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी मांडवात पोचलो तर वनिताताईने एवढ्या गर्दीतून वाट काढून मीनलला आतल्या खोलीत नेलं. केळीच्या पानावर उपासाचं सगळं. साबुदाण्याची खिचडी मोकळी, दाणा न् दाणा वेगळा. मीनल पोटभर जेवली. किती महिन्यांनी ती दुसऱ्याच्या घरी अशी जेवली होती! मला म्हणाली, आई, यांच्याकडे मी कधीही जेवेन. मी केवढी सुखावले. अक्षता झाल्या, लोक जेवायला बसले, आम्ही अंगणात खुर्च्या टाकून बसलो. आमच्या शेजारी एक बाई होत्या, ज्यांनी मीनलसाठी नवीन स्थळ आणलं होतं. त्या मीनलकडे पाहत होत्या आणि मला म्हणत होत्या, ‘‘तब्येतीने छान दिसते हो मुलगी.’’

मी ‘हो’ म्हणाले.

पावणेनऊच्या सुमारास चंद्र वर आला. आणि मी ज्याचा विचारच केला नव्हता, ते झालं. उपास सुटतो! आजार सुटत नाही, उपास सुटतो. ज्या घरात पाहुणीचा उपास आहे, त्या घराला तो सोडवावा लागतो, आणि तो खिचडीवर सोडवत नाहीत.

प्राचीची आजी हातात ताट घेऊन आली. ऐंशीच्या पुढची बाई, नऊवारी, स्वतः कडक संकष्टीवाली. सकाळपासून पाण्यावर होती. नातीच्या मैत्रिणीचाही उपास आहे म्हटल्यावर, घरात आचारी असताना, तिने स्वतः चुलीपुढे बसून एकवीस मोदक केले होते. लग्नघरात उकड काढायला कुणाला वेळ असतो? म्हणून तळणीचे. उकडीचे असते तर तांदळाचे असते, आणि काहीच झालं नसतं. वनिताताई तिच्या मागून कौतुकाने सांगत होती की बयने — आजीला घरात सगळे बय म्हणत — दुपारी कणीक मळली, मोहन घातलं, वेगळी कढई काढली, कुणाला हात लावू दिला नाही.

मी ऐकलं. कणीक हा शब्द मी नीट ऐकला. मीनलने तो ऐकला नाही, ती ताट घ्यायला उठून वाकली होती, मांडवात बेंजो वाजत होता.

‘‘घे गो बाय,’’ आजी म्हणाली. ‘‘चांद दिसला. दिसभर उपासाची हायेस. तू खा, मंग मी खाते. माज्या हातचं हाय, दुकानातलं नाय.’’

मीनलने मोदक हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. अगदी हळू विचारलं, आई, हे कशाचे आहेत?

इथे मी थांबते. चहा प्यायला उठणार होते — नाही, उठत नाही.

एक वाक्य पुरलं असतं. आजी, हिला गहू चालत नाही, आजार आहे, माझी चूक झाली. शेजारच्या बाईंनी ऐकलं असतं. वनिताताईला कळलं असतं की मॅडम फोनवर खोटं बोलल्या. ती म्हातारी थोडी हिरमुसली असती आणि दुसऱ्या मिनिटाला आतून केळं घेऊन आली असती. यापलीकडे काय झालं असतं? मी हजार वेळा मोजून पाहिलं आहे, यापलीकडे काहीच झालं नसतं.

मी म्हणाले, ‘‘तुझ्यासाठीच केलेत. घे.’’

त्यात एकही शब्द खोटा नव्हता, पाहा. तिच्यासाठीच केले होते. मुलीने आईवर विश्वास ठेवला आणि घास घेतला. आजी ‘अजून एक, अजून एक’ करत राहिली आणि मीनलने तीन मोदक खाल्ले. मी समोर बसले होते. तिसऱ्या मोदकाला तरी तोंड उघडावं की नाही मी? शेजारच्या बाई म्हणत होत्या, आजकालच्या मुली उपास करत नाहीत हो, संस्कार दिसतात.

रिक्षा कळंबोलीच्या पुलाखाली सिग्नलला उभी असतानाच ती पोट धरून वाकली. पुढचं वर्णन करत नाही. तीन दिवस उलट्या-जुलाब, सलाईन, मग जवळजवळ तीन आठवडे अंथरूण. आठ महिन्यांत जे कमावलं होतं त्यातलं बरंच गेलं. आणि पहिल्याच सकाळी, पांढऱ्या पडलेल्या ओठांनी तिने मला विचारलं, तू सांगितलं होतंस ना?

मी म्हणाले, सांगितलं होतं गं. त्यांच्या लक्षात राहिलं नसेल.

तिने मान वळवली. म्हणाली, लक्षात असेल, आई. कणभराने काय होतंय, असं वाटलं असेल. सगळ्यांनाच वाटतं. — आणि त्या दिवसापासून ती कुणाकडे जेवली नाही. वेगळी भांडी काढा, आचाऱ्याला बोलवा, शपथा घ्या. ती हसते, आभार मानते आणि डबा उघडते. तिला वाटतं की नीट सांगूनही लोक खायला घालतात. हे तिला जगाने शिकवलेलं नाही, मी शिकवलं.

प्राचीचे फोन येत होते. मीनल उचलत नव्हती, आणि मी म्हणत होते, राहू दे, नवं लग्न आहे, कशाला विषय काढतेस. काळजीने नाही म्हणत होते. दोघी बोलल्या असत्या तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं, म्हणून. हळूहळू फोन थांबले. प्राचीला वाटलं असणार, आपल्याकडचं खाऊन आजारी पडली म्हणून तोंड फिरवलं, शेवटी शहरातलीच. सात वर्षांची मैत्री अशी गेली, आणि दोघींनाही आजतागायत माहीत नाही की का गेली.

ते स्थळही जुळलं नाही, दुसऱ्याच कारणाने. आत्याचे यजमान, तुमचे काका, पुढे मीनलला एका मित्राकडे भेटले. पहिल्याच भेटीत तिने त्यांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, बरं, मग भाकऱ्या कोण शिकवेल मला? आता कुठलंही आमंत्रण आलं की तेच फोन करतात. मी ऐकते बाजूच्या खोलीतून. ‘‘काका, बायकोला गव्हाचा आजार आहे, कणभरही चालत नाही, ती डबा आणेल, तुम्ही आग्रह मात्र करू नका हं.’’ समोरचा म्हणतो, अहो त्यात काय. संपलं! इतकं सोपं असतं ते. मला ते ऐकवत नाही.

फोनबद्दल एक गोष्ट मी वर लिहिली नाही. मुद्दाम गाळली. वनिताताईने मीठ, जिरं, कोथिंबीर सगळं विचारून झाल्यावर शेवटी विचारलं होतं, ‘‘आजारबिजार नाय ना काय, मॅडम? माज्या भाच्याला साखर हाय, त्याचं आमी येगलं करतो. लाजायचं काय त्यात.’’ तिने दार इतकं उघडं ठेवलं होतं. आणि मी काय म्हणाले? ‘‘छे छे! ठणठणीत आहे.’’

आणि अजून एक. हे सर्वांत शेवटी राहिलं, कारण हे मला मोदकांपेक्षाही जड जातं.

पाचव्या दिवशी, मीनल आजारी असल्याचं कुणाकडून तरी कळून, वनिताताई आली. पिशवीत शहाळी होती. मीनल आत झोपली होती, मी दार अर्धंच उघडलं. ती बाहेरच उभी राहून रडायला लागली. म्हणाली, बय जेवत नाही. सारखी विचारते, माझ्या हातून काय पडलं त्यात? खोबरं खवट होतं का? तूप जुनं होतं का? घरातले सगळे तिला बोलतायत, डोळ्यांनी दिसत नाही तर कशाला बसलीस चुलीपुढे. तुम्हीच सांगा मॅडम, काय झालं असेल?

ती मला विचारत होती. शिकलेल्या बाईला.

मी म्हणाले, तेलातुपाचं काहीतरी असेल. वय झालंय त्यांचं, होतं असं. आणि शहाळ्यांची पिशवी घेतली.

माझ्यापाशी यावर काही स्पष्टीकरण नाही. तेव्हा स्थळ आणणाऱ्या बाई तिथे नव्हत्या. पंगत नव्हती, बेंजो नव्हता. दारात आम्ही दोघीच होतो.

पुढे बाजारात कुणाकडून तरी कळलं, की त्या आजींनी त्यानंतर कुणाच्याही कार्यात पिठाला हात लावला नाही. धाकट्या नातवाच्या लग्नात त्यांना बोलावलं तर म्हणाल्या, नको, माझ्या हाताने पोरगी मरता मरता वाचली. हे मला कळलं तेव्हा त्या हयात होत्या. त्यानंतर चार वर्षं हयात होत्या. आपल्या घरून कोनला रिक्षाने वीस मिनिटं लागतात. मी गेले नाही.